स्प्रिंगचा रोलर ब्लाइंड वर जात नाही: पुन्हा किल्ली कशी द्यायची, आणि ती सारखी उतरत असेल तर कुठे बघायचं

आमच्या अभ्यासाच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. चार फूट रुंद, पाच फूट उंच. तिला स्प्रिंगचा रोलर ब्लाइंड आहे: खाली ओढला की कट् करून थांबतो, हलका झटका दिला की सरसर वर जातो. बरीच वर्षं त्याच्याकडे कोणी लक्षही दिलं नव्हतं. दिवाळीआधी घराला रंग काढला आणि त्यानंतर तो वर जायचा बंद झाला. मी दुरुस्त केला. आठवड्याभरात पुन्हा तेच. पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र स्टुलावर उभा राहून नीट निरीक्षण केलं, तेव्हा कळलं की स्प्रिंगचा काहीच दोष नव्हता.

आधी एक खात्री करून घ्या. ब्लाइंडच्या एका बाजूला मण्यांची साखळी लोंबत असेल, तर हा लेख त्याच्यासाठी नाही. साखळीवाल्या ब्लाइंडला साखळी आणि क्लच वरखाली करतात, आणि त्यांची दुखणी निराळी असतात. इथे बोलतोय ते साखळी नसलेल्या, खालच्या पट्टीला मधोमध दोरी किंवा कडी असलेल्या ब्लाइंडबद्दल. शाळेत आणि क्लासमध्ये प्रोजेक्टरसाठी भिंतीवर जो हाताने ओढायचा पांढरा पडदा असतो, त्याच्या नळीतही बहुतेक हेच यंत्र असतं, त्यामुळे खालचं बरंचसं त्यालाही लागू पडेल.

नळीच्या आत काय असतं

ब्लाइंड ब्रॅकेटमधून काढून टेबलावर ठेवला की दोन्ही टोकं वेगळी दिसतात. एका टोकाला गोल पिन असते. ती ब्रॅकेटच्या भोकात बसते आणि नळीबरोबर आरामात फिरते. दुसऱ्या टोकाला चपटी पिन असते, पत्र्याच्या जिभेसारखी. ती ब्रॅकेटच्या खाचेत उभी बसते आणि तिने फिरायचंच नसतं. सगळा खेळ या चपट्या पिनेचा आहे.

चपट्या पिनेच्या मागे नळीत एक दांडा जातो आणि दांड्याभोवती लांब स्प्रिंग असते. स्प्रिंगचं एक टोक दांड्याला बांधलेलं, दुसरं टोक आत एका बुचाला. ते बूच नळीत घट्ट बसवलेलं असतं. तुम्ही कापड खाली ओढता तेव्हा नळी फिरते, नळीबरोबर बूच फिरतं, पण चपटी पिन ब्रॅकेटने धरून ठेवलेली असल्यामुळे दांडा जागचा हलत नाही. म्हणजे स्प्रिंगला पीळ बसतो. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतात तसंच, फक्त इथे किल्ली जागेवर आणि घड्याळच फिरतं.

मग कापड हवं तिथे थांबतं कसं? चपट्या पिनेच्या मुळाशी दांड्यावर खाचा असलेलं एक छोटं चाक असतं आणि नळीच्या झाकणावर एक किंवा दोन लहान पत्र्याचे तुकडे सैल अडकवलेले असतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये ज्यांना कुत्रे म्हणतात तेच हे कुत्रे. कापड हळू सोडलं की वरच्या बाजूला आलेला कुत्रा स्वतःच्या वजनाने खाचेत पडतो आणि नळी अडते. झटका देऊन सोडलं की नळी इतक्या वेगात फिरते की कुत्रे बाहेरच्या बाजूला फेकले जातात, खाचेत पडायची संधीच मिळत नाही, आणि ब्लाइंड वर जातो. स्प्रिंगचा असा रोलर अमेरिकेत स्टुअर्ट हार्टशॉर्नच्या नावावर १८६४ मध्ये पेटंट झाला. आजचे साधे रोलर अजून त्याच कल्पनेवर चालतात.

यातून एक गोष्ट लगेच कळते. ब्लाइंड सोडताना हळू, जपून सोडला तर तो अडणारच. कित्येकदा घरातलं वडीलधारं माणूस ‘तुटेल’ म्हणून इतकं सावकाश सोडतं की दर दोन इंचांवर कुत्रा पडतो, आणि सगळे म्हणतात स्प्रिंग गेली. आधी इंचभर खाली ओढून कुत्रा सोडवा आणि मग हात ढिला करून पट्टी एका दमात वर जाऊ द्या. बोटं पट्टीच्या जवळ असू द्यात, पण तिला अडवू नका.

आधी बघा, ब्लाइंड कुठे थांबतो

खाली पूर्ण ओढल्यावर जोरात वर जातो, पण शेवटचा फूट-दीड फूट राहतो आणि पट्टी लोंबकळते, तर स्प्रिंगमध्ये पीळ कमी आहे. असं का होतं ते थोडं विचित्र वाटेल. ब्लाइंड पूर्ण खाली असताना लटकणाऱ्या कापडाचं वजन सगळ्यात जास्त असतं, पण तेव्हा स्प्रिंगही सगळ्यात जास्त पिळलेली असते. वर जाताना वजन कमी होतं, तशी स्प्रिंगही सैल होत जाते. अगदी वर पोचताना कापड जवळपास उरलेलं नसतं, खालची पट्टी मात्र असतेच. ती शेवटच्या फुटात उचलायला स्प्रिंगमध्ये काही फेरे आधीपासूनच शिल्लक असावे लागतात. ब्लाइंड पूर्ण गुंडाळलेला असतानाही स्प्रिंग रिकामी नसते, तिच्यात ही शिल्लक असते. ती कमी झाली की पहिला फटका वरच्या फुटाला बसतो.

कापड ओढताना काही विरोधच जाणवत नसेल, नुसतंच सैल खाली येत असेल आणि वर काहीच जात नसेल, तर शिल्लक पूर्ण संपली आहे, नाहीतर आत काही तुटलं आहे. ते कसं ओळखायचं ते पुढे.

ब्लाइंड खाली थांबतच नसेल, सोडला की परत वर पळत असेल, तर तो पिळाचा नाही, कुत्र्यांचा प्रश्न आहे. आणि उलट, खाली घट्ट अडकून बसला असेल आणि झटक्यालाही दाद देत नसेल, तर कुत्रा खाचेत चिकटला आहे. दोन्हींचं कारण बहुतेक एकच असतं: धूळ, गंज, किंवा कापडाच्या कडेचा सुटलेला दोरा पिनेभोवती गुंडाळलेला. आमच्या पिनेभोवतीही दोरा निघाला होता, वीतभर लांब. चिमट्याने काढा, जुन्या कोरड्या टूथब्रशने खाचा घासा, पिन समोर धरून फुंकर मारा. तेल घालू नका. तेलावर धूळ बसून चिखल होतो आणि मग कुत्रे कायमचे चिकटतात. फारच कोरडं वाटलं तर पेन्सिलच्या शिशाची पूड चिमूटभर पुरते.

ब्लाइंड काढायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे झालं ते असं. रंगारी आला तेव्हा ब्लाइंड पूर्ण वर गुंडाळलेला होता. त्याने नळी उचलून खाचेतून चपटी पिन बाहेर काढली आणि ती घर्रर्र करून स्वतःभोवती फिरली. तो दचकला, मी शेजारच्या खोलीतून विचारलं, “काय झालं?” तर म्हणाला, “काही नाही साहेब, सुटला.” खरंच सुटला होता. आधीपासून भरून ठेवलेले सगळे फेरे त्या एका आवाजात गेले.

कारण ब्लाइंड पूर्ण वर असताना कुत्रा खाचेत पडलेला असेलच असं नाही. पट्टी वरच्या बाजूला टेकली म्हणून तो थांबलेला असतो. अशा वेळी पिन मोकळी केली की स्प्रिंग दांड्याला उलटं फिरवून रिकामी होते. म्हणून काढायच्या आधी ब्लाइंड फूटभर खाली ओढा, कट् आवाज येऊन तो स्वतः थांबला आहे याची खात्री करा, आणि मगच चपट्या पिनेचं टोक वर उचला. उतरवल्यावर नळी आडवीच धरा. उभी धरली तर कुत्र्याचं वजन त्याला खाचेत धरून ठेवत नाही. पिन आणि झाकण यांच्यावर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी दोन वेढे लावली तर टेबलावर ठेवताना धक्का लागूनही ती सुटत नाही. बोटाने पिन धरायला जाऊ नका. भरलेली पिन सुटली तर नख फाडते.

किल्ली देण्याचा सोपा प्रकार

ब्लाइंडमध्ये थोडा तरी जीव असेल, अर्ध्यापर्यंत वर जात असेल, तर पक्कडही लागत नाही.

ब्लाइंड साधारण दीड फूट खाली ओढून कट् करून थांबवा. आधी चपट्या पिनेचं टोक काढा, मग गोल पिनेचं. नळी आडवी धरून लोंबणारं दीड फूट कापड हाताने गुंडाळा, पट्टी नळीला टेकेपर्यंत, कडा सरळ आणि वेढे घट्ट ठेवून. परत ब्रॅकेटमध्ये बसवा. खाली ओढून सोडून बघा.

याने काय झालं? कापड दीड फूट खाली होतं तेव्हा स्प्रिंगमध्ये तेवढ्या लांबीचे जास्तीचे फेरे होते. ब्रॅकेटच्या बाहेर हाताने गुंडाळताना नळी आणि पिन दोन्ही एकत्र फिरले, त्यामुळे ते फेरे खर्च झाले नाहीत. म्हणजे आता कापड पूर्ण वर असतानाच स्प्रिंगमध्ये तेवढे फेरे जास्त शिल्लक आहेत. किती? नळीचा व्यास ३२ मिलिमीटर असेल तर तिचा घेर सुमारे १० सेंटिमीटर. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर, म्हणजे चार-साडेचार फेरे. नळीवर खाली कापडाचे वेढे असल्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमीच, चारच्या खाली-वर धरा. नळी बारीक असेल तर तेवढ्याच कापडात फेरे जास्त होतात.

एकदा करून बघितल्यावर अजून पट्टी अर्धा फूट खाली राहत असेल तर परत करा, पण या वेळी दीड फुटाऐवजी फूटभरच ओढून. बहुतेक वेळा दोन खेपांत काम होतं. तिसरीही पुरली नाही, तर थांबून पुढचा गळतीचा भाग वाचा. तोच तो उपाय सहा वेळा करण्यात अर्थ नाही.

जास्त झालं तर? ब्लाइंड धाडकन वर जाऊन आपटत असेल तर उलटं करायचं. फूटभर खाली थांबवून काढा, आणि हाताने अजून दोन-तीन वेढे कापड उलगडून तसाच लोंबता परत बसवा. तेवढे फेरे कमी होतात. आपटू देणं बरं नाही, कारण प्रत्येक आदळण्याने ब्रॅकेटचे स्क्रू थोडे थोडे ढिले होतात. आमच्या गोष्टीत हे पुढे येणार आहे.

पूर्ण रिकामा झाला असेल तर

मग पक्कड काढा. ब्लाइंड पूर्ण गुंडाळून, कापड सुटू नये म्हणून दोन ठिकाणी चिकटपट्टी लावून टेबलावर ठेवा. दुसऱ्या कोणाला तरी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगा, आणि पक्कडीने चपटी पिन फिरवा. पक्कड नसेल तर जेवणाच्या काट्याच्या दोन दातांमध्येही पिन बसते. मी पहिल्या वेळी काट्यानेच केलं होतं आणि त्या काट्याचे दात अजून वाकडे आहेत.

कुठल्या बाजूला फिरवायचं हे लक्षात ठेवायची गरज नाही, कान सांगतात. नळी आडवी ठेवून पिन एका बाजूला फिरवली की कट-कट-कट वाजतं आणि हात थांबवला तर ती तिथेच राहते. ती भरायची बाजू. दुसऱ्या बाजूला फिरवायला गेलात तर कुत्रा अडवतो. काहीच वाजत नसेल तर कुत्रे चिकटलेले आहेत. आधी ते साफ करा, नाहीतर भरलेलं टिकणार नाही.

पक्कडीने एका वेळी अर्धा फेराच फिरतो. म्हणून मोजताना अर्धे फेरे मोजा आणि कागदावर लिहा. आमच्या ब्लाइंडचा हिशोब सांगतो, म्हणजे अंदाज येईल. नळी ३२ मिलिमीटरची, कापड पाच फूट, म्हणजे १५० सेंटिमीटर. नुसत्या घेराने भागलं तर १५ फेरे होतात, पण कापडाच्या जाडीमुळे वरचे वेढे मोठे होत जातात, म्हणून प्रत्यक्षात १३ च्या आसपास. हे फेरे ब्लाइंड खाली ओढताना आपोआप भरले जातात, ते पक्कडीने भरायचे नाहीत. पक्कडीने भरायची ती फक्त शिल्लक. मी सहा फेरे भरून लावला तर पट्टी वितभर खाली राहिली. आठ भरले तेव्हा वर टेकली, न आपटता. तुमच्या ब्लाइंडचा आकडा वेगळा निघेल. जड कापड, जड पट्टी म्हणजे जास्त फेरे. पण सहापासून सुरुवात करून दोन-दोनने वाढवत जाणं सुरक्षित.

वरची मर्यादाही असते. शिल्लक आठ आणि ओढताना १३, म्हणजे पूर्ण खाली असताना स्प्रिंगमध्ये २१ फेरे असतात. अति भरलं तर वेटोळी दांड्यावर आवळून बसतात आणि ब्लाइंड पूर्ण खाली यायच्या आतच दगडासारखा अडतो. तिथे जोर लावलात तर स्प्रिंग तुटेल, नाहीतर आतलं बूच सटकेल. म्हणून लावल्यावर पहिल्यांदा खाली आणताना सावकाश आणा आणि शेवटी हाताला अजून थोडी लवचीकता लागते का ते बघा. शिवाय पूर्ण खाली असतानाही नळीवर कापडाचा एक तरी पूर्ण वेढा राहिला पाहिजे. सगळं कापड उलगडलं तर चिकटवलेल्या पट्टीवर सगळा भार येतो, आणि आणखी ओढलं तर कापड उलट्या बाजूने गुंडाळायला लागतं.

त्यावरून आठवलं. कोणी ब्लाइंड धुवायला म्हणून कापड नळीवरून काढून परत चिकटवलं असेल आणि त्यानंतर तो बंद पडला असेल, तर कापड उलट्या बाजूला चिकटवलं आहे का ते आधी बघा. कापड ओढल्यावर नळी कट-कट वाजणाऱ्या दिशेनेच फिरली पाहिजे. उलट फिरत असेल तर कितीही फेरे भरा, उपयोग नाही.

भरलेलं सारखं उतरतंय

आता मुख्य तक्रार. भरला, चार दिवस मस्त चालला, मग हळूहळू वरचा फूट राहायला लागला.

मी दुसऱ्यांदा भरला तेव्हा खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी ब्लाइंड पूर्ण खाली आणायचा, सोडायचा आणि पट्टी जिथे थांबेल तिथे रेघ. पहिल्या दिवशी पट्टी वर टेकली. चौथ्या दिवशी वीतभर खाली. आठव्या दिवशी दीड फूट. स्प्रिंग थकली असती तर अशी आठ दिवसांत पायऱ्या उतरल्यासारखी उतरली नसती. थकलेली स्प्रिंग पहिल्या दिवसापासूनच कमजोर असते आणि कमजोरच राहते. फेरे जात होते, तर कुठून तरी निसटत होते.

कागदावर बसून विचार केला की फेरा हरवू शकतो तरी कुठे. कुत्रा नीट धरत नसेल तर ब्लाइंड खाली थांबत नाही, पण त्याने फेरा हरवत नाही, कारण कापड वर गेलं की हिशोब परत तोच. फेरा हरवायचा तर तीन सांध्यांपैकी एखादा सटकायला हवा: चपटी पिन ब्रॅकेटमध्ये, आतलं बूच नळीत, किंवा कापड नळीवर. कापडाचं तपासणं सोपं. पूर्ण खाली ओढून शेवटच्या वेढ्यापाशी चिकटलेली कड बघा, सरळ आणि घट्ट असेल तर दोष तिथे नाही. आमचं घट्ट होतं.

बुचासाठी ब्लाइंड काढून पक्कडीने भरत गेलो. बूच सटकत असेल तर विरोध वाढत वाढत जातो आणि एका ठरावीक जोराला टक् करून अचानक ढिला पडतो, प्रत्येक वेळी साधारण त्याच जोराला. स्प्रिंगच तुटली असेल तर विरोध वाढतच नाही, आणि नळी हलवली तर बहुतेक आत खडखडतं. आमच्याकडे विरोध सरळ वाढत गेला.

राहिली चपटी पिन. खाली राहणारे एक काका पूर्वी वर्कशॉपमध्ये होते. ते सहज आले होते. म्हणाले, “तू पिनेवर खूण कर आणि ब्लाइंड वर जाताना पिनेकडे बघ, कापडाकडे नको बघू.” मार्करने पिनेच्या एका कडेला काळा ठिपका केला. काकांनी खालून ब्लाइंड सोडला, मी स्टुलावरून पिनेकडे डोळे लावले. ब्लाइंड वर गेला, पट्टी ठक् करून आपटली, आणि त्या धक्क्यासरशी पिन खाचेतून अर्धा फेरा उलटी झाली. ठिपका दिसेनासा झाला. रोज एखाद-दुसरा असा अर्धा फेरा, आठ दिवसांत शिल्लक निम्म्यावर.

पिन फिरली कारण ती खाचेत पुरती बसलीच नव्हती. रंगारी गेल्यावर ब्रॅकेट परत लावताना जुन्याच भोकांत स्क्रू घातले होते, आणि भिंतीतला रावल प्लग सैल झालेला होता. ब्लाइंड आपटत गेला, ब्रॅकेट बाहेरच्या बाजूला सरकत गेलं. दोन ब्रॅकेटमधलं अंतर मोजलं तर ते हवं त्यापेक्षा चार मिलिमीटर जास्त निघालं. एवढंसं वाटतं, पण त्यामुळे पिनेचं नुसतं टोकच खाचेच्या तोंडाशी टेकत होतं.

दुरुस्ती अशी केली. ब्रॅकेट काढलं, जुना प्लग उपटला, सहा मिलिमीटरच्या ड्रिलने भोक साफ केलं, नवा प्लग ठोकला आणि आधीपेक्षा लांब स्क्रू घेतले. गोल पिन पूर्ण भोकात घालून नळी आडवी धरली, चपटी पिन खाचेत अगदी आतपर्यंत जाईल असं ब्रॅकेट धरून भिंतीवर खूण केली, मग घट्ट केलं. नळी फिरायला जागा हवी म्हणून दोन्हीकडे मिळून दोन मिलिमीटरच्या आसपास मोकळीक ठेवली. ब्रॅकेट लाकडी चौकटीवर असेल तर ड्रिल लागत नाही. भोकात काडेपेटीच्या दोन-तीन काड्या फेविकॉल लावून ठोका, वाळल्यावर तोच स्क्रू पकडतो. भाड्याचं घर असेल आणि भिंतीला हात लावायचा नसेल, तर गोल पिनेवर एक-दोन वॉशर घालून नळी चपट्या बाजूला ढकलता येते.

खाचेची तपासणीही करा. पत्र्याच्या ब्रॅकेटची खाच झिजून रुंद झाली असेल तर पिन त्यात वळवळते आणि एक दिवस वळते. तोंडाशी पक्कडीने थोडी दाबून अरुंद करता येते. प्लास्टिकची खाच गोलसर झाली असेल तर ब्रॅकेटच बदला.

एक फसवणारी गोष्ट अजून. कधीकधी फेरे सगळे शाबूत असतात, पण ब्लाइंड वर जाताना कापड एका बाजूला सरकून ब्रॅकेटला घासतं आणि त्या घर्षणाने अडतं. कापडाची कड एका बाजूला काळी पडलेली किंवा उसवलेली दिसली की समजावं. आधी दोन्ही ब्रॅकेट एका पातळीत आहेत का ते बघा, स्पिरिट लेव्हल नसेल तर मोबाइलवरचं लेव्हलचं अ‍ॅप नळीवर ठेवून. पातळी बरोबर असूनही कापड डावीकडे सरकत असेल, तर पूर्ण खाली ओढून नळीच्या उजव्या टोकाला इंचभर कागदी चिकटपट्टी लावा. त्या बाजूची जाडी किंचित वाढते आणि कापड तिकडे परत ओढलं जातं. उजवीकडे सरकत असेल तर पट्टी डावीकडे.

आत तुटलं असेल तर

पक्कडीने वीस फेरे भरूनही विरोध लागत नसेल किंवा टक् करून ढिला पडत असेल, तर घरी नळी उघडून स्प्रिंग जोडायच्या भानगडीत पडू नका. आधी पिन पक्कडीने धरून, कुत्रा हलकेच मोकळा करून, राहिलेला पीळ अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने सोडून द्या. भरलेली स्प्रिंग झाकण काढल्याबरोबर उसळते. मग झाकण निघत असेल तर स्प्रिंगचा पूर्ण संच बाहेर येतो आणि ब्लाइंड शिवणाऱ्या दुकानात तसाच नवा मिळू शकतो. दुकानात जाताना नळीचा आतला व्यास, नळीची लांबी आणि कापडाची उंची लिहून न्या. त्याहून चांगलं म्हणजे जुना संचच सोबत न्या, कारण ज्या बाजूला तो पिळला जातो ती दिशाही जुळावी लागते. झाकण पत्रा दाबून बंद केलेलं असेल तर ते उघडून परत नीट बसत नाही. तिथे त्याच कापडाला नवी नळी, किंवा साखळीचा क्लच बसवून घेणं परवडतं.

आमच्या नळीच्या टोकाला आता मार्करने ‘८’ लिहिलं आहे, आणि पिनेवर तो काळा ठिपका तसाच आहे. ब्रॅकेट पक्कं बसवल्यापासून तो समोरच दिसतो.